सविनय न्यूट्रल

पत्राची सुरुवात मी नुसत्या ‘महोदय’ने केली नाही, ‘माननीय महोदय’ने केली. आमच्या सोसायटीचे सचिव म्हणजे रोज सकाळी आसनगाव लोकलच्या दारात ज्यांचा डबा माझ्या बरगडीला लागतो ते गृहस्थ. त्यांना माननीय म्हणण्यासारखं काही घडलेलं नव्हतं. पण माझा फ्रिज, टीव्ही आणि वायफायचा डबा एका सकाळी एका दमात गेले होते, आणि एवढ्या नुकसानीला साधं ‘महोदय’ शोभलं नसतं.

अर्ज हा माझा हळवा विषय आहे. आम्ही मूळचे मुरबाडचे. कॉलेजात असताना आमच्या आळीत कुणालाही अर्ज लिहायचा असला की माझ्याकडे पाठवत. एका शेतकऱ्याने म्हशाच्या जत्रेत बैल घेतला होता. दिसायला देखणा, पण गोठ्याच्या वाटेवरच्या विजेच्या खांबाशी त्याचं जन्माचं वैर. येता-जाता अंग घासायचा, ताण ढिली व्हायची, आळीतले दिवे मिचमिचायचे. खांब हलवून मिळावा म्हणून मी जो अर्ज लिहिला, तसा पुन्हा माझ्या हातून लिहून झाला नाही. बैलाला मी ‘अर्जदाराचे पशुधन’ म्हटलं, घासण्याला ‘नैसर्गिक वर्तन’ म्हटलं, आणि शेवटी ‘सबब खांब अथवा पशुधन यांपैकी एकाचे स्थलांतर अटळ आहे’ असं लिहून खाली दुहेरी रेघ ओढली. अर्ज घेणाऱ्या कारकुनाने तो शेजारच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवला. तो हसत होता, असं सोबत आलेले म्हणाले. मला ती दाद वाटली. खांब हलला नाही. पुढच्या पौषात बैल पुन्हा म्हशाच्याच बाजारात उभा राहिला आणि विकला गेला. म्हणजे माझ्या अर्जातला अर्धा पर्याय शासनाने नाही तरी शेतकऱ्याने मंजूर केला.

तर असा माणूस चार ओळींत तक्रार लिहील का? पण वायरमन भाऊ मीटरच्या खोलीतून वर आला आणि त्याने माझा विषयच खोडला. विषय मी लिहिला होता : ‘शॉर्टसर्किटमुळे झालेल्या नुकसानीबाबत.’

“शॉर्ट लिहू नका,” तो म्हणाला. “शॉर्ट लिहिलंत की ते म्हणणार, तुमच्या घरात झालं, तुमचं तुम्ही बघा. तुमची एमसीबी पडली होती का?”

पडली नव्हती.

“मग कसला शॉर्ट? न्यूट्रल गेलाय.”

इमारतीत तीन फेज येतात आणि त्या घरांना वाटून दिलेल्या असतात. प्रत्येक घराला एक फेज, आणि सगळ्यांना मिळून एक न्यूट्रल. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्ट, पण दोन फेजमध्ये 400 च्या आसपास. न्यूट्रल जागेवर आहे तोवर प्रत्येकाला आपले 230 मिळतात. तो सुटला की माझं घर आणि दुसऱ्या फेजवरचं घर एकामागोमाग एक जोडल्यासारखी होतात आणि ते 400 व्होल्ट दोघांत वाटले जातात. वाटणी उलटी होते. ज्याचा लोड जास्त, त्याला व्होल्ट कमी. ज्याचा लोड कमी, त्याच्या डोक्यावर सगळा भार.

त्या सकाळी, श्रावणातल्या पावसात, खालच्या मजल्यावर दोन हजार वॅटचा गिझर चालू होता. माझ्याकडे फ्रिज, टीव्ही, राउटर, पंखा आणि दोन दिवे धरून जेमतेम तीनशे वॅट. वायरमनने माझ्याच मसुद्याच्या पाठीवर हिशेब मांडला. बाकी कुणाचं काही चालू नव्हतं असं धरलं, तर गिझरला पन्नासेक व्होल्ट आणि मला साडेतीनशेच्या जवळ. खालचे काका तेव्हा पाणी तापत नाही म्हणून वीज कंपनीला शिव्या देत होते. वर माझा पंखा विमानासारखा आवाज करत होता, आणि दिवा इतका लख्ख झाला होता की मला वाटलं, आज सप्लाय काय छान आहे! मग तो फुटला.

एमसीबी जास्त करंटवर पडते, जास्त व्होल्टेजवर नाही. त्यामुळे ती सगळं बघत उभी राहिली.

कारण मीटरच्या खोलीत होतं. न्यूट्रलची अॅल्युमिनियमची तार पितळी पट्टीला नुसती स्क्रूने आवळलेली. दोन धातू, भिंतीची ओल, वर पांढरी पूड धरलेली. सांधा सैल झाला की तापतो, तापला की आणखी सैल होतो. पट्टीच्या टोकाचं प्लास्टिक काळं पडून वितळलं होतं. “बदलायच्या आधी फोटो काढा,” वायरमन म्हणाला. साऱ्या पत्रात कामाची वस्तू तो एक फोटो ठरली.

बाकीचं त्यानेच सांगितलं, मी फक्त अलंकार घातले. वेळ लिहा. माझ्याच फेजवरच्या आणखी कोणाची उपकरणं त्याच वेळी गेली ते लिहा, आणि गिझरवाल्या काकांचा दिवा तेव्हा मंद झाला होता हेही. एकाच्या घरात शॉर्ट झाला तर दुसऱ्याचा दिवा लख्ख आणि तिसऱ्याचा मंद होत नाही. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून लेखी घ्या की आत येणाऱ्या बाजूचा व्हॅरिस्टर फुटला आहे. तो जास्त व्होल्टेज आलं की स्वतः मरून बाकीच्यांना वाचवू पाहतो. आणि सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत घरातल्या मेनस्विचपर्यंतच्या विजेच्या लाइनची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने, असं आहे. ते ठळक लिहा.

मी पत्र घेऊन गेलो. सचिवांनी ते उलटंसुलटं पाहिलं. “छान लिहिलंय. पण तुम्ही सभासद नाही. पोच देता येणार नाही. मालकांकडून येऊ द्या.”

इथे मला हसू आलं नाही. माझ्यापायी मालकाला बिनभोगवटा शुल्क लागतं आणि ते भाड्यात माझ्याकडूनच वसूल होतं. सोसायटीच्या हिशेबात मी दर महिन्याला असतो, फक्त पोच देताना नसतो. शिवाय नुकसानीच्या यादीत न घातलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात होती. आमच्या वॉचमनकाकांच्या इन्सुलिनच्या सीलबंद बाटल्या माझ्या फ्रिजमध्ये असत. खोलीत फ्रिज नाही, पगारात तो बसत नाही. फ्रिज बंद पडल्यावर त्यांनी बाटल्या पिशवीत घालून माठात ठेवल्या. उन्हाळ्यात ते चालून जातं. श्रावणात हवाच ओली, माठ गार व्हायचा कसा? शेवटी शहापूरच्या औषधाच्या दुकानदाराने त्या आपल्या फ्रिजमध्ये ठेवून घेतल्या. तेव्हापासून काका बाटली आणायला रिक्षाने जातात, जाऊन-येऊन भाडं खिशातून. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? उपकरण नव्हे, दुरुस्ती नव्हे, आणि काका तर भाडेकरूसुद्धा नव्हेत.

मालक डोंबिवलीला. त्यांनी पत्र वाचलं, तीन पानांचं एक पान केलं, ‘माननीय’ कापलं आणि सही केली. पोच त्याच संध्याकाळी मिळाली. बैठकीत फोटो फिरला. न्यूट्रल पूर्ण जाडीच्या तांब्याचा, दोन धातूंसाठीचे लग दाबून बसवायचा, आणि मीटरच्या खोलीत जास्त-कमी व्होल्टेजला सप्लाय तोडणारं यंत्र लावायचं ठरलं. माझ्या उपकरणांच्या दुरुस्तीचा अर्धा खर्च मंजूर झाला. चेक अर्थातच मालकांच्या नावे, आणि तो अजून डोंबिवलीतच आहे.

परवा लोकलच्या दारात डबा बरगडीला लागला. “अहो, ज्याने वायरिंग केलं त्या ठेकेदाराला कडक पत्र द्यायचंय,” सचिव म्हणाले. “तुमची भाषा बरी आहे. तुम्ही लिहा, सही माझी.”

“किती पानं चालतील?” मी विचारलं.