पाऊस पडल्यावर रेनकोट

पहिली सर कोसळली की ऑनलाइन दुकानदार जागे होतात. घाईघाईने ‘रेनकोट’चं पान चढतं. गूगलने ते वाचून वरच्या निकालांत आणेपर्यंत कित्येकदा काही आठवडे जातात आणि तोवर गिऱ्हाईक छत्रीखाली उभं असतं.

घोटाळा शोधांचा आकडा वाचण्यात आहे. कीवर्ड प्लॅनर मासिक सरासरी दाखवतो. समजा, वर्षात बारा हजार शोध झाले आणि त्यातले नऊ हजार मे-जूनमधले. सरासरी येते एक हजार. मे-जूनमध्ये शोध त्याच्या चौपटीहून जास्त आणि उरलेल्या दहा महिन्यांत जेमतेम तीनशे. म्हणजे हा हजार कुठल्याच महिन्याचा नाही! म्हणून महिनावार आकडे उघडावेत.

मग गूगल ट्रेंड्समध्ये महाराष्ट्र निवडून पाच वर्षांचा आलेख काढावा. तिथला १०० म्हणजे शंभर शोध नव्हेत. निवडलेल्या काळातलं सर्वांत मोठं प्रमाण म्हणजे १००. सगळे त्या शिखराकडे बघतात. बघायचा असतो तो चढ जिथे सुरू होतो तो आठवडा. आलेखाच्या टोकाला तुटक रेघ दिसली, तर ती अपुऱ्या माहितीची असते. ती खाली वळली म्हणून ‘मागणी पडली’ असं ठरवू नये.

गेल्या वर्षीची तारीख तशीच उचलणं तर त्याहून वाईट. मुंबईत मान्सून २०२३ मध्ये २५ जूनला पोहोचला, २०२४ मध्ये ९ जूनला आणि २०२५ मध्ये थेट २६ मेला. लागोपाठच्या तीन वर्षांत महिन्याचा फरक! म्हणून मी दोन कामं वेगळी ठेवायला सांगते. पान मार्चअखेरीस चढवून ठेवायचं, कारण त्याला मुरायला वेळ लागतो. जाहिरातीतले शब्दही तेव्हाच भरायचे, पण थांबवून ठेवायचे. त्यांची तपासणी बहुधा एका कामाच्या दिवसात उरकते, तरी ती ऐन पावसात कशाला अडू द्यायची? हवामान खात्याने मान्सूनच्या आगमनाचा अंदाज दिला आणि आलेख चढू लागला, की ते सुरू करायचे.

लग्नसराईला हवामान खात्याच्या जागी पंचांग. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. त्या महिन्यात बहुतेक घरांत लग्नं काढत नाहीत, त्यामुळे ‘नवरीची पैठणी’ या शब्दासाठी २०२५ च्या मेचा आलेख फसवणारच. शिवाय ब्लाउज शिवायला वेळ हवा, म्हणून शोध मुहूर्ताच्या बराच आधी सुरू होतो.

हंगाम सरला की जाहिरात थांबवावी, पण पान उडवू नये. पत्ता तोच ठेवून पुढच्या मार्चमध्ये त्यावरचा माल आणि भाव बदलावेत. दरवर्षी नवं पान काढणारे गेल्या वर्षी मिळवलेली जागा स्वतःच्या हाताने घालवतात.