आडनावाचा रकाना

आमच्या भागात पूर्वी उसाचे मळे होते, आता आयटीवाल्यांचे टॉवर आहेत. शाळेचा प्रवेश अर्ज मात्र अजून मळ्यातच राहतो. पत्त्यासाठी 'मु. पो., तालुका, जिल्हा' विचारतो आणि फ्लॅट नंबराला जागाच ठेवत नाही. चेन्नई, पाटणा, कोलकाता इथून आलेल्या पालकांसाठी त्याचं इंग्रजी करून द्या, असं मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं. सोबत फीची नियमावली आणि पालकांचं परिपत्रकही आलं. "काय आहे त्यात, दोन पानं तर आहेत," असं त्या म्हणाल्या.

पहिल्याच ओळीत गाडी अडली: आडनाव, विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव. इंग्रजीत लिहायला अर्धं मिनिट पुरतं. पण तमिळ घरांत बहुतेकदा आडनाव नसतंच. मुलाच्या नावाला वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावलं की काम भागतं. समजा, मुलगा कार्तिक आणि वडील मुरुगन. जन्मदाखल्यावर आणि आधारवर असतं 'कार्तिक एम'. आमच्या अर्जासमोर बसलेले वडील भिडेखातर आडनावाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहितात, पुढे वडिलांच्या रकान्यात तेच परत लिहितात, आणि पोरगा होतो 'मुरुगन कार्तिक मुरुगन'.

हे हसण्यावारी नेता येत नाही. अर्जावरचं नाव जनरल रजिस्टरला चढतं. तिथून ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि दहावीच्या बोर्डाच्या अर्जावर उतरतं. आधारशी ते जुळलं नाही की सरकारी पोर्टलवर मुलाच्या नोंदीत खोट निघते. रजिस्टरमधली दुरुस्ती शाळेच्या हातात नसते, त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. म्हणून इंग्रजी अर्जात मूळ मराठीत नसलेली एक ओळ घातली: नाव जन्मदाखल्यावर आहे तसंच लिहा, आडनाव नसेल तर रेघ मारा. ऑफिसातल्या भाऊसाहेबांना ते पटेना. "मॅडम, कॉम्प्युटर रकाना मोकळा ठेवूच देत नाही." मग काय करता? "टिंब देतो." तूर्त शाळेत टिंब आडनावाची चार घराणी आहेत.

फीच्या कागदावर 'सत्र शुल्क' होतं. त्याला 'टर्म फी' म्हणायचं हे आपल्याकडे ठरलेलंच आहे, फी नियमनाच्या 2011च्या कायद्यातही ती शिक्षण शुल्काहून वेगळी बाब म्हणून येते. नवा पालक मात्र 'टर्म फी'चा अर्थ 'सहामाहीची सगळी फी' असा घेतो, तेवढी भरून निर्धास्त होतो आणि पुढे थकबाकीची चिठ्ठी आली की चिडतो. त्याचं काय चुकलं? तिथे शब्द तसाच ठेवला आणि खाली 'ही शिक्षण शुल्काव्यतिरिक्त आहे' एवढं लिहिलं. खिडकीवर पावती फाडताना भाऊसाहेब जो शब्द उच्चारतात तोच कागदावर दिसायला हवा, म्हणून प्रत्येक बाबीशेजारी मराठी शब्दही राहू दिला.

परिपत्रक सगळ्यांत छोटं. त्यात एक ओळ: 'श्रावणी सोमवारी शाळा अर्धा दिवस.' मराठी माणसाला एवढं पुरतं. पण उत्तर प्रदेश-बिहारकडचे महिने पौर्णिमेनंतर सुरू होतात, आपले अमावास्येनंतर. त्यामुळे त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधीच लागतो. 2025 सालचंच पाहा: त्यांचा पहिला सोमवार 14 जुलैला, आपला 28 जुलैला. ओळ जशीच्या तशी इंग्रजीत गेली असती तर पाटण्याची आई 14 तारखेला भर दुपारी गेटवर उभी, आणि आत पोरगं गणिताच्या तासाला. त्याहून वाईट ऑगस्टात. त्यांचा सावन 9 तारखेला संपला, आपले दोन सोमवार अजून बाकी होते. तेव्हा पोरगं गेटवर आणि आई ऑफिसात. कन्नड आणि तेलुगू घरांना ही अडचण नाही, त्यांचा श्रावण आपल्याबरोबरच चालतो.

तेव्हा इंग्रजी परिपत्रकात श्रावणाचं नाव कंसात टाकलं आणि पुढे चारही तारखा आणि सुटायची वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी दोन मराठी आया ऑफिसात हजर. "आम्हाला ते इंग्रजीवालं द्या, त्यात तारखा आहेत." भाऊसाहेबांनी त्यांना भिंतीवरचं कालनिर्णय दाखवलं. त्यावर जूनचंच पान होतं.