हरवल्यास आम्ही जबाबदार

आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीच्या दाराला सध्या एक पुठ्ठा टांगलेला आहे. बिस्किटांच्या खोक्याचा, निळ्या स्केचपेनने रंगवलेला. मजकूर येणेप्रमाणे:

सुचना
लाईट नसलेमुळे दळन बंद राहिल डबे
ठेऊन जावू नये हरवल्यास आम्ही जबाबदार
नाही लाईट आलेवर नंबर प्रमाणे
सुटे पैसे नाहीत

सोसायटीत चेन्नईहून एक जोडपं राहायला आलंय. त्यांना या पाटीचं इंग्रजी हवं होतं. सेक्रेटरींनी तत्परतेने द्विसदस्य समिती नेमली: शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आणि इंग्रजी माध्यमात शिकलेले स्वतःचे चिरंजीव.

बाईंनी प्रथम लाल पेन काढलं. शासनमान्य लेखनाचे नियम अठरा, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे वाढीव चार, हे त्या झोपेतही सांगतील. पुठ्ठ्याच्या फोटोवर आठ लाल गोल पडले. ‘सूचना’चा सू दीर्घ, ‘राहील’मधली ही दीर्घ, ‘दळण’ला ण. ‘ठेव’ धातूत व आहे म्हणून ‘ठेवून’, ‘जा’मध्ये नाही म्हणून ‘जाऊ’. गिरणीवाल्याने एकाचा व काढून दुसऱ्याला दिला होता. व्यापारी माणूस, एकूण शिल्लक बरोबर ठेवली होती.

‘नसलेमुळे’ आणि ‘आलेवर’ यांवरही लाल गोल पडले. तो मात्र अन्याय. कोल्हापूर-सांगलीकडे माणसं असंच लिहितात, आणि सरकारी पत्रात ‘अर्ज प्राप्त झालेनंतर’ असं आलं की आपण ते मुकाट्याने वाचतो. तिथे शिक्का असतो, इथे पीठ असतं, एवढाच फरक.

बाईंनी शुद्ध करून दिलेल्या मजकुराचं चिरंजीवांनी इंग्रजी केलं. त्याचा मराठी अर्थ असा: उजेड नसल्यामुळे दळणे थांबेल. डबे ठेवून जाऊ नये. हरवल्यास आम्ही जबाबदार. उजेड येणार नाही, आल्यावर क्रमांकानुसार. आमच्याकडे सुटे पैसे नाहीत.

चेन्नईच्या काकूंनी विचारलं, “नुकसानभरपाई किती देतात?”

आता जरा पुठ्ठ्याकडेच पाहू. ‘जबाबदार’ हा शब्द लिहिताना ओळ संपली. शेवटचा ‘र’ तर कडेला वाकून खाली उतरलाय. ‘नाही’ला जागाच उरली नाही, म्हणून तो पुढच्या ओळीत गेला. पूर्णविराम हा प्रकार गिरणीवाल्याला परवडत नसल्यामुळे ‘नाही’ तिथे ‘लाईट’च्या गळ्यात पडला. बरं, एवढं नजरेतून सुटलं तरी आधीचं वाक्य होतंच की! हरवलं तर भरून देणारा माणूस ‘डबे ठेवू नका’ असं कशाला सांगेल? पण बाईंच्या अठरा नियमांत ‘नाही कुठे गेला’ याचा नियम नाही. त्यांच्या निर्दोष प्रतीत ‘आम्ही जबाबदार.’ असं होतं. वर पूर्णविरामही होता.

‘लाईट’ म्हणजे उजेड नव्हे, वीज, हे बारक्या पोरालाही ठाऊक असतं. भर दुपारी बारा वाजता लाईट जाते आणि कोणी सूर्याकडे पाहत नाही. ‘सुटे पैसे नाहीत’ ही गिरणीवाल्याची सांपत्तिक स्थिती नव्हे. दळणाचे होतील तेवढे मोजून आणा, पाचशेची नोट नाचवू नका, अशी ती तंबी आहे. व्याकरण शुद्ध, स्पेलिंग शुद्ध, आणि नेमकं सांगायचं ते लिहिलेलंच नाही.

उरला ‘नंबर प्रमाणे’. नंबर कुणाचा? समिती घरी बसून भांडली: बाई म्हणाल्या माणसांचा, चिरंजीव म्हणाले टोकनचा. गिरणीपर्यंत कोणी गेलं नाही. गेले असते तर दिसलं असतं की ‘डबे ठेऊन जावू नये’च्या बरोबर खाली, भिंतीला लागून, डब्यांची रांग उभी आहे. झाकणांवर आडनावं, एकावर ज्वारीची पिशवी. नंबर डब्यांचा आहे! म्हणजे डबे ठेवूनच जायचं. फक्त हरवला तर कटकट करायची नाही. मनाईचा अर्थ परवानगी होता, आणि तो पुठ्ठ्यावर नव्हता, पुठ्ठ्याखाली होता.

शेवटी काकूंना इंग्रजीत जे दिलं त्याचा मतलब इतकाच: वीज आली की दळण सुरू होईल. डबा रांगेत ठेवा, पण जोखीम तुमची. पैसे सुटे आणा.

तेव्हा वाचकहो, असा पुठ्ठा भाषांतराला आला तर फोटोवर काम उरकू नका. चप्पल घालून दारापर्यंत जा. आणि बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलेली शुद्ध पाटी गिरणीवाल्याला चुकूनही लावू देऊ नका. पहिला डबा हरवला की बिचाऱ्याला गहू भरून द्यावे लागतील.