आरसे मिटा, आबा!

माळेगाव बुद्रुकच्या गावठाणात नवी गाडी आली की आधी देवळापाशी थांबते. नारळ फुटतो, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, चार चाकांखाली चार लिंबं जातात. लिंबं चिरडण्यापुरती गाडी चार फूट पुढे सरकते आणि मग तिथेच मुक्काम ठोकते. देवळामागचा बोळ आबांच्या दारापर्यंत पोचतो, गाडी पोचत नाही.

आबा कोण, हे सांगायची गरज नाही. उसाचं बिल खात्यावर पडलं की ज्यांना जुनी गाडी अचानक बुटकी वाटू लागते, ते आबा. शोरूममध्ये आबांनी सनरूफ उघडून पाहिलं, सीटमधून गार हवा येते का ते बसून पाहिलं, पुढची जाळी लांबून न्याहाळली. रुंदी किती, हे विचारलं नाही. बैल घेताना जबडा उघडून दात मोजणारा हा माणूस. वीस लाखांची वस्तू घेताना त्याला टेप आठवला नाही.

आठवला असता तरी फसगत टळली नसती. माहितीपत्रकात रुंदी असते, पण ती कान कापून मोजलेली असते. कान म्हणजे दोन्ही बाजूंचे आरसे. नेक्सॉनची छापील रुंदी 1804 मिलिमीटर, म्हणजे पाच फूट अकरा इंच. आरसे उघडे धरले की दोन्हींचे मिळून आणखी सातआठ इंच वाढतात. गाडीगणिक थोडा फरक पडतो, पण शून्य कुठल्याच गाडीला पडत नाही. बरं, माप मिलिमीटरमध्ये, बोळ फुटांत आणि आबांचा हिशोब गुंठ्यांत. ही तीन मापं एकाच डोक्यात असूनही एकमेकांना कधी भेटत नाहीत.

आता बोळाचं माप घेऊ. कागदावरचं नको, सकाळी नऊचं घ्यावं. समजा भिंतीपासून भिंतीपर्यंत दहा फूट आहेत. एका घराने पायरी दीड फूट पुढे आणली आहे. तिच्या समोरच्या घराची मोटारसायकल आडव्या स्टँडवर कलून दोन फूट खाते. उरले साडेसहा फूट, म्हणजे 198 सेंटिमीटर. कान उघडी नेक्सॉन 200 सेंटिमीटरची. वॅगन आरची छापील रुंदी 1620 मिलिमीटर, कानांसकट सुमारे 182 सेंटिमीटर. ती जाते, दोन्हीकडे चार बोटं राखून. फॉर्च्युनर नुसत्या अंगानेच 1855 मिलिमीटर, सहा फूट एक इंच. आरसे मिटले तर ती शिरेल आणि आबा आतच राहतील, कारण दार उघडायला जागा नाही. सनरूफ कशाला हवं, ते अशा वेळी कळतं.

आणि आरसे मिटायचे म्हणजे काय, याचा विचार कोणी केला आहे का? जिथे भिंत आरशाशिवाय दिसत नाही, नेमका तिथेच आरसा मिटावा लागतो. रुंद रस्त्यावर, जिथे बाजूला नुसता ऊस उभा असतो, तिथे दोन्ही कान टवकारलेले. मग आरशाचं काम भाच्याकडे येतं. भाचा मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या" म्हणतो आणि त्याच सुरात, श्वासही न बदलता, "लागली" म्हणतो. समोरून दुसरा एक जण "डावी मारा" म्हणतो, पण त्याची डावी. ओट्यावरची आजी पाय आत घेते. मोटारसायकलवाला आंघोळ करतोय, त्याला साबणासकट बोलावलं जातं. गटाराच्या फरशीवर चाक चढतं, फरशी कुर्रकन बोलते, आणि ती कोणी बसवली यावरून दोन घरांचं जुनं भांडण नव्याने सुरू होतं. एवढ्यात दूधवाला येतो आणि आबांना पुन्हा देवळापर्यंत मागे यावं लागतं, अर्थात कान मिटलेलेच. कॅमेरा आहे की, असं आबा म्हणतात. तो मागचं दाखवतो. घासतं बाजूला.

इथवर बोळ सरळ होता.

हे गावठाण बैलगाडीच्या बेताने वसलेलं आहे. दोन चाकांची गाडी एका चाकावर जवळजवळ जागच्या जागी फिरते, बैल आडवे सरले की झालं. चार चाकांना ती सोय नाही. पुढची दोन वळतात, मागची दोन फरफटत येतात. यातूनच टर्निंग रेडियस नावाचा आकडा निघतो. तो सांगताना विक्रेत्याचा चेहरा इतका निर्मळ असतो की गिऱ्हाईक पुढे काही विचारत नाही.

"फक्त 5.3 मीटर, आबा." क्रेटाचा आकडा. आबांना वाटतं, साडेसतरा फुटांत गाडी उलटी फिरेल. पण ही त्रिज्या आहे. पूर्ण वळायला तिची दुप्पट लागते, म्हणजे 10.6 मीटर, पस्तीस फूट. वॅगन आरचा आकडा 4.7, तिलाही एकतीस फूट हवेत. शिवाय हे माप सहसा पुढच्या बाहेरच्या टायरचं असतं. बंपरचं नाक टायरच्याही पुढे असतं आणि ते आणखी फूटभर बाहेरून फिरतं. टायर वाचतो, नाक आपटतं. काही ठिकाणी त्रिज्येऐवजी पूर्ण वर्तुळाचा व्यास छापतात. तेव्हा एका गाडीचे 4.7 आणि दुसरीचे 10.6 शेजारी ठेवून कोणी निष्कर्ष काढू नये.

बोळात मात्र पूर्ण वळायचं नसतं, काटकोनात वळायचं असतं, आणि तिथे आतली बाजू नडते. मागचं आतलं चाक पुढच्याच्या वाटेने येत नाही, कोपरा कापत येतं. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर जितकं जास्त, तितकं कापणं जास्त. दोन्ही बोळ सारखेच रुंद, कोपरा टोकदार आणि वळण एका दमात घ्यायचं, असं धरून कागदावर हिशोब मांडला तर वॅगन आरला साधारण अकरा फुटांचा बोळ लागतो, क्रेटाला बारा आणि फॉर्च्युनरला तेरा. यात हात थरथरायला जागा धरलेली नाही. नॅनो दहा फुटांत जेमतेम वळली असती. तिची त्रिज्या 4 मीटर होती आणि रुंदी पाच फुटांच्या आत. लोकांनी तिला गरिबाची गाडी म्हणून नाकारलं. श्रीमंतांच्या गाड्या आता देवळापाशी उन्हात उभ्या आहेत.

गावातला कोपरा वाचता येतो. आतल्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर रंगाचा ओरखडा असेल तर कुणाचं तरी मागचं दार गेलं. वळणाच्या समोरच्या भिंतीवर असेल तर बंपर गेला. दोन्हीकडे एकच रंग असेल तर आबा घरी आले होते.

आता जरा रागाचं बोलायला हवं. गाड्या एवढ्या फुगल्या कशाने? काही अंशी दारांच्या जाडीने. बाजूने धडक बसली तर माणूस वाचावा म्हणून दारं जाड झाली आणि त्याला नावं ठेवता येणार नाहीत. वॅगन आरसारखी सोशिक गाडीसुद्धा 2019 साली नव्या रूपात आली ती बारा सेंटिमीटरहून जास्त रुंद होऊन. पण कराचं काय? 2006 पासून लहान गाडीला कराची सवलत आहे. लहान कोणती? जिची लांबी 4 मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन 1200 किंवा डिझेल 1500 सीसीच्या आत, ती. सप्टेंबर 2025 पासून अशा गाडीला 18 टक्के जीएसटी आणि मोठीला 40. रुंदीचा उल्लेख कुठेच नाही! म्हणून नेक्सॉन 3995 मिलिमीटर लांब. पाच मिलिमीटर राखून ती लहान ठरली आणि आडवी सहा फुटांना टेकली. कागदावर लहान, बोळात म्हैस. ज्या देशातल्या गल्ल्यांत लांबीने अडतं ते फक्त वळणावर, रुंदीने मात्र पावलोपावली, तिथे सवलत लांबी पाहून द्यायची, ही कल्पना सुचलेल्या माणसाने कधी बारा फुटांच्या आळीत दुधाच्या टेम्पोला बाजू दिली असेल का? एकदा तरी त्याने मिटलेल्या आरशांनी मागे यावं. भाचा आम्ही पुरवू.

तर घ्यायची कोणती? दहा फुटांच्या बोळात काटकोन असेल तर एका दमात चार दारांची कुठलीच नाही. एकदा मागे-पुढे करून निभावतील अशा दोन आहेत. अल्टो के10 रुंदीला 1490 मिलिमीटर, त्रिज्या 4.5 मीटर. वॅगन आर थोडी रुंद, पण बसायला उंच, आणि आबांच्या गुडघ्यांना ते बरं. आकड्यांवर विसंबायचंही कारण नाही. कबड्डीचं मैदान आखतात ती फक्की घ्यावी, खळ्यात किंवा मोकळ्या पटांगणात आपला कोपरा पायरी-मोटारसायकलीसकट खराखुरा आखावा, कडेला विटा मांडाव्यात आणि चाचणीची गाडी त्यातून काढून पाहावी. विक्रेता ती नेहमी बारामतीच्या रुंद रस्त्यावर फिरवतो. तिथे काय, उसाची जोडट्रॉलीही झोकात वळते. वीट पडली तर फार तर वीट जाते, दार गेलं तर तीस हजार.

बारामतीच्या फ्लॅटचं दुखणं वेगळं. तिथे थोरला राहतो. मोटारीच्या जागेचं नियमातलं माप 2.5 मीटर बाय 5 मीटर. पावणेसहा-सहा फुटांची गाडी लावली की दोन्ही बाजू मिळून सत्तर सेंटिमीटर उरतात. मधोमध लावली तर प्रत्येक दाराला पस्तीस, आणि आबांचं पोट त्याहून जास्त आहे. एका बाजूला खांब असेल तर गाडी खांबाला चिकटवून सगळी मोकळीक चालकाच्या दाराला द्यायची. खांब पुढच्या दाराच्या बिजागरीजवळ असेल तर चालतं, दाराच्या टोकाशी आला तर उतरणं संपलं. म्हणून जागा घेताना खांब कुठे आहे ते पाहावं, जागेचा नंबर शुभ आहे का ते नंतर. दोनच दारांची गाडी इथे गंमत करते. कॉमेट तीन मीटरहून आखूड, त्रिज्या 4.2 मीटर, बोळात राणी. पण दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं आणि लांब दाराला उघडायला जास्त जागा लागते.

गाडी मागूनच आत घ्यावी. वळणारी चाकं पुढे असल्यामुळे मागचा भाग आधी खाचेत घातला की नाक बाहेरच्या मोकळ्या वाटेवर हवं तसं फिरवता येतं. नाकाकडून घुसलं तर मागचं आतलं चाक इथेही कोपरा कापतं आणि खांबाला भेटतं. सुनेला हे पहिल्या आठवड्यात समजलं. थोरला अजून नाकाकडूनच घुसतो आणि खांब बिल्डरने चुकीच्या जागी बांधला असं म्हणतो.

आबा सणाला थोरल्याकडे येतात तेव्हा गाडी सूनबाईच लावतात. खाचेच्या दहा फूट आधी त्या थांबतात, मागे वळून म्हणतात, "मामंजी, उतरा आधी." आबा पिशवी घेऊन खांबाशेजारी उभे राहतात, आणि कुणी विचारलेलं नसताना हात वर करून "येऊ द्या, येऊ द्या" सुरू करतात.