‘सातारा ला’ राहणाऱ्यांना पत्र

आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी परवा एक मसुदा माझ्या हातात दिला. गाव सोडून गेलेल्या जुन्या सभासदांना मदतीसाठी पाठवायचं पत्र. सुरुवात अशी : ‘आम्ही आशा करतो की हे पत्र आपणांस उत्तम स्थितीत भेटेल.’ पत्र भेटत नाही हो, मिळतं. इंग्रजी नमुना कुणीतरी शब्दाला शब्द ठेवून उतरवला होता.

दुसरं वाक्य त्याहून वाईट : ‘आपण सातारा ला वास्तव्यास असल्याचे समजते.’ इथेच वाचणारा पत्र बाजूला ठेवतो. नाव आणि गाव यादीतून आपोआप भरलं जातं, हे त्या सुट्या ‘ला’वरून लगेच कळतं. इंग्रजीत गावाचं नाव कुठेही जसंच्या तसं बसतं. मराठीत प्रत्यय लागताना बऱ्याचदा शब्दच बदलतो : साताऱ्याला, पुण्यात, ठाण्याहून. रिकाम्या जागेला सामान्यरूप कळत नाही. उपाय साधा आहे. एक्सेलच्या यादीत आणखी एक रकाना केला आणि त्यात ‘साताऱ्याला’, ‘पुण्याला’ असं हातानं लिहिलं. शेजारच्या रकान्यात ताई, काका, सर. ‘श्री./श्रीमती’मधली ती तिरकी रेघ गेली. १८० नावं होती, दोघांची एक दुपार गेली.

मग मधला परिच्छेद. ‘ग्रंथसंवर्धन उपक्रम हाती घेण्यात आला असून आपले सढळ हस्ते सहकार्य अपेक्षित आहे.’ कुणी घेतला? सहकार्य म्हणजे किती? मी विचारलं, “बाई, नक्की झालंय काय?”

“अहो, पावसात मागच्या भिंतीला ओल आली, कादंबऱ्यांचं कपाट भिजलं. ६२ पुस्तकांची बांधणी सुटलीय. बाइंडर एका पुस्तकाचे १५० रुपये मागतोय.”

“मग हेच लिहा ना!”

तेच लिहिलं. ‘घेण्यात आला’ गेलं, ‘भिजलं’ आलं. शेवटी एकच मागणी : ‘तुम्ही एका पुस्तकाच्या बांधणीचे १५० रुपये पाठवाल का?’ खाली बाईंचं स्वतःचं नाव आणि फोन. दीड पानाचं पत्र आठ ओळींत आटोपलं.

एक वाक्य मात्र मी हट्टानं काढायला लावलं : ‘आपण आमचे अत्यंत लाडके वाचक आहात.’ १८० जणांना तेच वाक्य म्हणजे सरळ खोटी माया, आणि एकाच घरातल्या दोन भावांना दोन पत्रं गेली की ती उघडी पडते. ज्यांची आठवण बाईंना खरोखर होती अशा तिसेक जणांना त्यांनी तळाशी पेनानं एक ओळ लिहिली. बाकीच्यांना नुसता नमस्कार.

तुमच्या मंडळाचं, शाळेचं असं पत्र निघणार असेल तर छापण्याआधी एकदा घरात मोठ्यानं वाचा. जे वाक्य तुम्ही त्या माणसाला दारात उभं राहून म्हणणार नाही, ते खोडा.