लसूणगंधनिरसन : एक खामगावी मीमांसा

आषाढ शुद्ध नवमीला आमच्या बुलढाणा जिल्ह्यात कांद्याला निरोप दिला जातो. कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, भरले कांदे आणि पानाच्या डाव्या बाजूला मूठभर लसूण घातलेला ठेचा. त्यानंतर एकादशीला चातुर्मास लागतो आणि ही मंडळी चार महिने घराबाहेर. शेगावहून निघालेली पालखी तोवर पंढरपूरच्या जवळ पोचलेली असते. इकडे गृहस्थाच्या हाती उरते ती मधली एकटी दशमी. या एका तिथीत हात, पाट आणि डबे वासमुक्त कसे करावेत, यासाठी पंचांगात रकाना नाही. ती उणीव भरून काढण्याचा प्रस्तुत निबंधाचा विनम्र हेतू आहे.

संशोधनाला प्रवृत्त करणारी घटना अशी. गेल्या साली एकादशीच्या सकाळी खिचडीचा पहिला घास घेऊन माझी आत्या थांबली आणि म्हणाली, "काऊन रे, साबुदाण्याले लसनाचा वास येऊन राह्यला बाप्पा." घरात शांतता पसरली. साबुदाणा भिजवला होता त्या स्टीलच्या डब्यात नवमीपर्यंत ठेचा राहत होता. डबा तीनदा घासला होता, याला साक्षीदार होते. तरी उपास बाटला की नाही, हा प्रश्न अनिर्णित राहिला. आत्याने अर्थात केळी खाल्ली.

प्रथम पूर्वपक्ष. वास कांद्यात असतो, ही सर्वसामान्य समजूत चुकीची आहे. अख्ख्या लसणाच्या पाकळीला नाक लावून पाहा, जवळजवळ काहीच येत नाही. पाकळीत ॲलिन नावाचं गंधक असलेलं द्रव्य एका कप्प्यात आणि ॲलिनेज नावाचं विकर दुसऱ्या कप्प्यात बसलेलं असतं. सुरीने कप्पे फोडले की दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांत ॲलिसिन तयार होतं. मग ॲलिसिन मोडून डायॲलिल डायसल्फाइडसारखी तेलकट द्रव्यं बनतात. हातावर रेंगाळतो तो वास मुख्यतः यांचा. कांद्यात द्रव्य थोडं वेगळं असतं, म्हणून तिथे डोळ्यांतून पाणी येतं आणि लसणात येत नाही. तात्पर्य, वासाचा कर्ता सुरी आहे. कांदा फक्त कच्चा माल पुरवतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, वास तेलकट आहे, म्हणून नुसत्या पाण्याने तो जात नाही, जागा बदलतो. दोन, लिंबू कापतानाच लावलं तर उपयोग होतो, कारण आंबटपणात ते विकर मंदावतं. वास एकदा तयार झाल्यावर लिंबू चोळलं, तर हाताला लसूण-लिंबाचा वास येतो. काहींना तो आवडतोही, पण तो या निबंधाचा विषय नाही.

आता वादाचा मुख्य मुद्दा, म्हणजे स्टीलचा चमचा. नळाखाली स्टीलच्या चमच्याने हात चोळले की वास जातो, असं सांगणारा एक पंथ सर्वत्र आढळतो. या पंथासाठी साबणाच्या वडीच्या आकाराचा स्टीलचा गोळाही बाजारात विकला जातो. युक्तिवाद असा की गंधक धातूला चिकटतं. तो तत्त्वतः खरा आहे, पण त्याची परीक्षा खामगावात घ्यावी. खामगाव चांदीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. गंधक असलेल्या पदार्थांजवळ चांदीचं भांडं ठेवलं की ते काळवंडतं, हे इथल्या सराफापासून सासूपर्यंत सगळ्यांना ठाऊक. चांदी गंधक ओढून घेते. पण स्टील काळवंडत नाही, म्हणूनच तर आपण ते विकत घेतो. त्याच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर असतो आणि तो आत कोणाला येऊ देत नाही. म्हणजे गंधक पकडायला सगळ्यात नाखूष धातू निवडून त्यालाच आपण साबण म्हणतो.

तरीही न्यायबुद्धीने परीक्षा घेतली. दोन्ही हातांना सारखाच ठेचलेला लसूण चोळला, पाच मिनिटं थांबलो. मग उजवा हात चमच्यासह आणि डावा हात चमच्याविना, दोन्ही एकेक मिनिट वाहत्या थंड पाण्याखाली चोळले. वास कोणी घ्यावा हा नाजूक प्रश्न होता. स्वतःचं नाक चालत नाही, कारण तोच वास सतत घेतला की नाकाला त्याची सवय होते आणि ते खोटी सुटका जाहीर करतं. सासरे तपकीर ओढतात, ते बाद. शेवटी बाहेरून आलेल्या दोन भाच्यांना डोळे बांधून बसवलं. दोघांनी दोन्ही हात सारखेच नापसंत केले. चमच्याचं जे श्रेय सांगितलं जातं ते बहुधा एक मिनिट चोळण्याचं आणि वाहत्या पाण्याचं असावं, असं माझं मत आहे. दोन भाचे हा फार मोठा नमुना नव्हे, हे मान्य.

मग सिद्धांत. वास तेलकट असेल तर त्याला तेलाने भेटावं. हात कोरडे असताना तळहातावर एक चमचा शेंगदाण्याचं तेल घ्यायचं आणि बोटांच्या बेचक्यांसह मिनिटभर चोळायचं. पाणी आधी लागलं की तेल नीट पसरत नाही, इथेच बहुतेक जण चुकतात. मग दोन चमचे कोरडं बेसन टाकून तेल उटण्यासारखं काढून घ्यायचं. बेसन तेल शोषतं आणि तेलाबरोबर वासही. त्यानंतर साबण आणि कोमट पाणी. शेवटी जुन्या टूथब्रशने नखांच्या खाली. हा शेवटचा भाग गाळला तर आधीचं सगळं व्यर्थ, कारण लसणाचं मुख्यालय तिथेच असतं. एका हातावर हे केलं आणि दुसऱ्यावर नुसता साबण. भाच्यांनी यावेळी तेलाच्या हाताला पसंती दिली, धाकट्याने तर भज्यांची चौकशी केली.

इथे एक मर्यादा सांगणं भाग आहे. लसणातली गंधकद्रव्यं त्वचेत थोडी मुरतात. मुरलेलं धुऊन निघत नाही, ते वेळ जाईल तसंच जातं. तेव्हा नवमीच्या रात्री किलोभर लसूण सोलणाऱ्याने एकादशीच्या पहाटे चमत्काराची अपेक्षा धरू नये. हातमोजे घालणं हा उपाय शास्त्रशुद्ध आहे, पण आमच्याकडे त्याचा उच्चार केला की आत्या "डाक्टर आला" म्हणते.

साबणाचा विषय निघालाच आहे, तर जिल्ह्याचा मान राखावा. अकबराच्या काळातल्या आईने-अकबरीत लोणारच्या परिसराचं वर्णन येतं, तिथे साबण आणि काच करण्याचा माल निघतो असं लिहिलं आहे. उल्केच्या आघाताने बनलेल्या त्या सरोवराचं पाणी खारं तर आहेच, वर इतकं अल्कधर्मी आहे की त्याचा सामू दहाच्या आसपास जातो. ॲलिसिन अल्कधर्मी द्रवात टिकत नाही. म्हणजे तत्त्वतः लोणारचं पाणी हे लसणावरचं उत्तम औषध ठरावं. प्रत्यक्षात ते सरोवर 2020 मध्ये रामसर यादीत गेलं, आणि हात धुवायला तिथे जाणं हा पर्यावरणाचा आणि एसटीच्या भाड्याचा दुहेरी अपव्यय आहे. त्याच तत्त्वाचं घरगुती रूप म्हणजे खाण्याचा सोडा. चुलीची राखही याच कुळातली. पूर्वी बाया राखेने भांडी घासत, त्यामागे केवळ गरिबी नव्हती.

पाट आणि फळी यांच्याबाबत मात्र वेगळा न्याय. विळीवर चिरणाऱ्या पिढीला फळीच्या वासाचा प्रश्न फारसा नव्हता, कारण विळीचं पातं लोखंडी, आणि त्याला सच्छिद्र लाकूड म्हणता येत नाही. लाकडी फळीत सुरीच्या रेघा असतात आणि तेलकट द्रव्यं त्या रेघांत जाऊन बसतात. फळी पाण्यात बुडवून ठेवली तर पाणी लाकडात शिरतं, फळी वाकते आणि वास मात्र तिथेच राहतो. त्यापेक्षा जाडं मीठ पसरून अर्ध्या लिंबाने रेघांच्या दिशेने घासावं, धुवावं, पुसावं. मग दोन चमचे खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून लेप द्यावा, पंधरा मिनिटांनी काढावा. लिंबू आणि सोडा एकत्र करू नयेत. फेस फार सुंदर येतो, पण त्या फेसात दोघंही एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतं ते खारट पाणी. नंतर फळी उभी करून सावलीत वाळवावी. भर उन्हात ठेवली की चिरते, आणि नव्या चिरा म्हणजे लसणाला नवी घरं.

आता डबा, ज्याच्यापायी हा सारा प्रपंच. मी डबा आणि झाकण वेगळं केलं, दोन्ही स्वच्छ धुऊन कोरडी केली. डबा एका उपड्या पातेल्याखाली, झाकण दुसऱ्या पातेल्याखाली, असं तासभर उन्हात ठेवलं. ऊब मिळाली की लपलेला वास बाहेर येतो. पातेलं उचललं तेव्हा डब्याचा वास नव्हता. झाकणाचा असा आला की मांजर उठून गेलं. झाकणात रबराची कडी होती. लसणाची तेलकट द्रव्यं रबरात आणि प्लास्टिकमध्ये विरघळतात, तशी स्टीलमध्ये विरघळत नाहीत. म्हणजे डबा निर्दोष होता आणि मार तो खात होता.

कडी सुरीच्या पाठीने काढली. एक लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून रात्रभर बुडवली, सकाळी धुऊन उन्हात वाळवली, आणि हे तीनदा केलं. वास कमी झाला, गेला नाही. स्टीलच्या डब्याचीही एक जागा तपासायची असते, ती म्हणजे तोंडाशी वळवलेला काठ. त्याच्या आत तेलाचं पुट साठतं, तिथे ब्रश आणि साबण पोचायला हवा. डब्यात मीठ-पाणी रात्रभर ठेवण्याचा उपाय काही जण सांगतात, तो करू नये. मिठाने स्टीलवर बारीक खड्डे पडतात आणि मग तिथे खरंच काहीतरी साठायला लागतं.

रबराची नवी कडी मिळाली नाही. यंदा दशमीला ते झाकण गच्चीवर गेलं. एकादशीचा साबुदाणा त्याच डब्यात भिजला, वर ताटली झाकून. आत्याने दोन वाट्या खिचडी खाल्ली आणि मीठ कमी असल्याचं सांगितलं.