बुधवारी जमेल का?

ई-मेल अगदी साधा होता. ‘मी लेस्टरमध्ये एमएस्सी करतो. लेक्चर्स सोमवारी आणि बुधवारी १० ते १, गुरुवारी २ ते ५. शनिवार-रविवार पूर्ण मोकळे. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. म्हणून दोन दिवस आठ-आठ तास, एकूण १६, असं काम हवं आहे.’ विषयाच्या ओळीतही ‘फक्त शनिवार-रविवार’ असंच लिहिलं होतं. ‘फक्त’ ठळक करायचा मोह मी आवरला. उगाच उद्धटपणा नको.

रिक्रूटरचं उत्तर लगेच आलं. त्यात उद्गारचिन्हं भरपूर आणि प्रश्न एकच: ‘बुधवारी जमेल का?’

मी वेळापत्रक पुन्हा पाठवलं, या खेपेस तक्ता आखून. लेक्चर बुडवून चालत नाही, विद्यापीठ हजेरी बघतं आणि विद्यार्थी येईनासाच झाला तर सरकारला कळवतं, हेही नम्रपणे जोडलं. त्यावर त्यांनी विचारलं, प्राध्यापकांशी बोलून लेक्चर दुपारी घेता येईल का? माणूस आशावादी असावा. हे सविस्तर बोलण्यासाठी त्यांनी फोनही केला. बुधवारी, साडेअकराला.

अखेर शनिवार-रविवार मान्य झाले. रोज १० तास, म्हणजे २० बरोबर भरले. शिवाय त्याच आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी तीन तासांची ‘ट्रायल शिफ्ट’. तिचे पैसे नाहीत, तेव्हा ती मोजायची नाही, असं त्यांचं गणित. व्हिसाचा नियम मात्र बिनपगारी कामही मोजतो आणि त्याचा आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो. म्हणजे झाले २३.

‘मग पुढच्या आठवड्यात १७ करा, सरासरी २०च येईल!’ त्यांनी सुचवलं. आमच्या दूधवाल्याच्या वहीत असं चालतं. आजचं अर्धा लिटर उद्याच्या खात्यावर. इथे प्रत्येक आठवडा स्वतंत्र मोजतात आणि एका आठवड्यात २१ झाले तरी नियम मोडला तो विद्यार्थ्यानेच. रिक्रूटरला व्हिसा लागत नसल्यामुळे त्यांना हे समजायला वेळ लागला, ते मी समजू शकतो.

मध्येच त्यांनी स्वतंत्र कंत्राटदार म्हणून पार्सलं पोचवायचंही सुचवलं. त्यात वेळ आपल्या हातात असते म्हणे. या व्हिसावर स्वयंरोजगाराला मुळीच परवानगी नाही, हे मी कळवलं. ‘तुम्ही थोडे लवचिक असायला हवं,’ असं उत्तर आलं.

शेवटी ट्रायल शिफ्ट शनिवारच्या तासांतच बसवली आणि करारपत्र आलं. वेळ: फक्त शनिवार-रविवार. ‘फक्त’ त्यांनी स्वतःहून ठळक केलं होतं. खाली हमीच्या तासांचा रकाना होता: आठवड्याला ०.